मिली आणि ग्रॅम: तेलाच्या पिशवीचा हिशेब

"एक मिली म्हणजे एक ग्रॅम, तर मग तेलाची एक लिटरची पिशवी ९१० ग्रॅमच का भरते?"

हे समीकरण फक्त पाण्याला लागू पडते. पाण्याचे लहान रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, तर तेलाचे रेणू म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन या हलक्या अणूंच्या लांबलचक साखळ्या असतात. त्यांच्यातील ओढ क्षीण असल्याने त्या तितक्या दाटीने बसत नाहीत. मधाचे उलटे आहे: त्यात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक साखर, आणि साखरेत जड ऑक्सिजन भरपूर. म्हणून त्याची घनता १.४२च्या आसपास जाते.

मिलीवरून ग्रॅम काढताना घनतेने गुणावे, उलट जाताना भागावे. ५० मिली तेल ०.९१ ने गुणले की ४५.५ ग्रॅम होते, तेवढाच मध ७१ ग्रॅम भरतो. गुणाकार-भागाकाराची गल्लत झाली आहे का, हे ओळखणे सोपे आहे: तेलाचा ग्रॅमचा आकडा मिलीपेक्षा नेहमी लहान यायला हवा, मधाचा मोठा.

या हिशेबात तापमान अजून आलेलेच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. तेल तापले की फुगते, त्यामुळे एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅमच भरते. काही उत्पादक वेष्टनावर ६० अंशांचे माप छापत असल्यामुळेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तापमान न छापता आकारमानासोबत वजनही लिहिण्याची सूचना केली. तेव्हा दोन पिशव्यांची तुलना ग्रॅमवरच करावी.