शब्दचर्चा : 'स्पष्ट केले', 'दावा केला' आणि 'समजते' : बातमी तपासताना गुण कुठे कापायचे?

तापीकाठ
जळगावात पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला बातमीलेखन शिकवते. वीस गुणांचा गृहपाठ तपासायला घेतलाय : इंट्रो, स्रोत, 'अॅट्रिब्यूशन' आणि तटस्थता, प्रत्येकी पाच गुण. दोन ठिकाणी अडले आहे. एक म्हणजे त्या तिसऱ्या रकान्याला मराठीत काय म्हणावे? 'श्रेय' लिहिले तर मुलांना वाटते फोटो कोणी काढला ते लिहायचे. दुसरे म्हणजे खालच्या उताऱ्यात चूक नेमकी कोणत्या रकान्यात धरायची? विद्यार्थ्याच्या परवानगीने देते, नाव काढले आहे.

"रावेर : तालुक्यात मंगळवारी सायंकाळी झालेल्या वादळाने बळीराजाच्या तोंडचा घास हिरावला. शेकडो हेक्टरवरील केळी जमीनदोस्त झाली. दोन दिवस उलटूनही पंचनामे झाले नसल्याचे शेतकऱ्यांनी स्पष्ट केले. पंचनामे सुरू असल्याचा दावा तलाठ्यांनी केला. नुकसानीचा आकडा कमी दाखवला जात असल्याचे समजते."

वाचायला गुळगुळीत आहे. छापून आलेल्या बातम्यांसारखीच वाटते. पण वाचून झाल्यावर मी तलाठ्यांवर चिडलेली होते, आणि तसे का झाले ते मला सांगता येईना.

भुसावळ जंक्शन
ताई, सरळ आहे. 'दावा' हा शब्दच बातमीतून हद्दपार करावा. दावा म्हटले की समोरचा खोटे बोलतोय असे वाचणाऱ्याला वाटते. सगळीकडे 'सांगितले' लिहायला लावा, प्रश्न मिटला. आणि इंट्रोत काय, कोण, कधी, कुठे, का, कसे हे सहाही आले पाहिजेत. इथे 'कधी' आणि 'कुठे' आहे, म्हणजे पाचपैकी दोन.

जुना डेस्क
जंक्शन भाऊ, निम्मे पटले. मी बावीस वर्षे डेस्कवर काढली, त्यातली बरीचशी याच क्रियापदांशी झटण्यात गेली. 'दावा' वाईट शब्द नाही. कोर्टात दावा दाखल करतो तो माणूस खोटा नसतो, त्याचे म्हणणे अजून सिद्ध व्हायचे असते एवढेच. एखाद्या उमेदवाराने 'माझ्यामुळे धरण भरले' म्हटले तर तिथे 'दावा'च हवा, 'सांगितले' फार मऊ पडेल.

तापीकाठ ताईंच्या उताऱ्यात दोष 'दाव्या'चा नाही, जोडीचा आहे. शेतकऱ्यांनी 'स्पष्ट केले' आणि तलाठ्यांनी 'दावा केला'. दोघांचीही विधाने न तपासलेली आहेत, पण एकाच्या हातात बातमीदाराने खरेपणाचा दाखला दिला आणि दुसऱ्याच्या कपाळी संशय लावला. तुम्ही चिडलात त्या क्रियापदांमुळे.

मी नव्या मुलांना एक कसोटी द्यायचो. वाक्याच्या शेवटी 'पण ते खोटे निघाले' जोडून बघा.
'पंचनामा झाल्याचे त्यांनी सांगितले, पण ते खोटे निघाले.' चालते.
'पंचनामा झाल्याचा दावा त्यांनी केला, पण तो खोटा निघाला.' फारच सहज चालते, जणू तेच अपेक्षित होते.
'पंचनामा झाल्याचे त्यांनी स्पष्ट केले, पण ते खोटे निघाले.' इथे कान अडखळतो. कारण जे आधीपासून खरे आहे तेच स्पष्ट होऊ शकते.
'निदर्शनास आणून दिले', 'दाखवून दिले', 'लक्षात आणून दिले' ही सगळी याच घरातली. ही वापरली की बोलणाऱ्याच्या बाजूने बातमीदाराचीही सही होते.

केळीबाग
मी यावलकडचा, केळीवालाच आहे. वादळात बाग आडवी झाली तेव्हा काय होते ते बातमी लिहिणाऱ्या पोराला एकदा दाखवायला पाहिजे. पण मला वेगळे सांगायचे आहे. मागे एका पेपरात माझे नाव आले होते. मी बातमीदाराला सांगितले की हो, मागच्या वर्षीची मदत खात्यात जमा झाली. छापून काय आले? 'मदतीची रक्कम मिळाल्याची कबुली त्यांनी दिली.' गावात चार जणांनी विचारले, अप्पा, काय लपवले होते? मी काही लपवले नव्हते. विचारले ते सांगितले. त्या एका शब्दाने मी चोर झालो. अशा बातमीला तुम्ही किती गुण द्याल, ताई?

तापीकाठ
अप्पा, तटस्थतेत शून्य द्यावेसे वाटते. 'कबुली'ला गुन्हा आधी लागतो, आणि इथे गुन्हाच नव्हता. तुमची परवानगी असेल तर हे उदाहरण उद्या वर्गात सांगते, नाव न घेता.

केळीबाग
सांगा. गावाचेही नाव नको.

अमळनेरकर
या यादीत 'खुलासा'ही हवा. आपल्याकडे खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कार्यालयातून खुलासा मागवतात, कर्मचारी लेखी खुलासा देतो. हिंदीत खुलासा म्हणजे गुपित उघड होणे. आपण बऱ्हाणपूरला लागून, घरोघरी हिंदी चॅनेल, त्यामुळे पोरे 'घोटाळ्याचा खुलासा केला' असे लिहितात आणि अर्थ उलटाच होतो. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते 'घोटाळा उघडकीस आणला', मराठी वाचणारा समजतो 'घोटाळ्याबद्दल आपली बाजू मांडली'. कोण आरोप करतोय आणि कोण उत्तर देतोय याचीच अदलाबदल! ही भाषेची चूक म्हणून अर्धा गुण कापून सोडू नका.

रकान्याच्या नावासाठी माझे मत 'हवाला'. 'सूत्रांच्या हवाल्याने' हे आपण वाचत आलोच आहोत.

भुसावळ जंक्शन
हवाला म्हटले की पोरांना पैशांचा हवाला आठवेल. 'स्रोतनिर्देश' म्हणा.

अमळनेरकर
'स्रोतनिर्देश' कुठल्या डेस्कवर कोणी तोंडाने म्हटलेला मी तरी ऐकला नाही. परीक्षेपुरता जन्मलेला शब्द वाटतो.

तापीकाठ
नावाचे नंतर बघू. माझी खरी अडचण ही की 'दावा केला'साठी मी तिसऱ्या रकान्यातही गुण कापले आणि चौथ्यातही. एकाच शब्दाला दोनदा शिक्षा झाली. विद्यार्थ्याने विचारले तर उत्तर नाही.

जुना डेस्क
दोन रकान्यांचे प्रश्न वेगळे ठेवा म्हणजे दुहेरी कापाकापी होणार नाही. तिसऱ्या रकान्याचा प्रश्न एवढाच : हे कोण म्हणतोय ते कळते का? चौथ्याचा प्रश्न : सगळ्यांना एकाच मापाने मोजले का?

पेन्सिल घेऊन प्रत्येक विधानाखाली रेघ मारा आणि तिथून बाण काढा, ज्याने ते सांगितले त्याच्यापर्यंत. तुमच्या उताऱ्यात असे होते :
'पंचनामे झाले नाहीत', बाण शेतकऱ्यांकडे. पण कोणते, किती, कुठल्या गावचे? बाण गर्दीत जाऊन हरवतो. 'पंचनामे सुरू', बाण तलाठ्यांकडे, पण कोणत्या सजाचे? पद आहे, माणूस नाही. 'शेकडो हेक्टर', बाणच नाही. 'आकडा कमी दाखवला जात असल्याचे समजते', इथेही बाण नाही, आणि हे सगळ्यात गंभीर, कारण हा आरोप आहे. 'समजते'ला कर्ता नसतो. कोणाला समजले, कोणाकडून? शिवाय 'दाखवला जात', म्हणजे दाखवणाराही गायब. सांगणारा नाही, करणारा नाही, आरोप मात्र छापला.

तेव्हा 'समजते' आणि 'शेकडो हेक्टर'चे गुण तिसऱ्या रकान्यात कापा. 'स्पष्ट केले / दावा केला' ही जोडी फक्त चौथ्यात. 'बळीराजाच्या तोंडचा घास' इंट्रोत कापा, तटस्थतेत परत कापू नका.

तापीकाठ
'केळी जमीनदोस्त झाली' यालाही बाण नाही. तिथेही कापू?

जुना डेस्क
तो स्वतः बागेत गेला होता का, ते विचारा. डोळ्यांनी पाहिलेल्याला कोणाचा हवाला लागत नाही. वही मागा. वहीत गावाचे नाव, वेळ, मोडलेल्या खोडांबद्दल दोन ओळी असतील तर पूर्ण गुण. पण 'शेकडो हेक्टर' डोळ्यांनी दिसत नाही. तो आकडा एक तर तहसीलचा प्राथमिक नजरअंदाज असतो, नाहीतर पंचनाम्यानंतरची बेरीज, नाहीतर कुणाच्या तरी तोंडचा. तिन्हींची किंमत वेगळी. शासकीय मदतीला पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून कमी भरले की शेतकरी यादीबाहेर जातो, म्हणून नुसता पडलेला बाग आणि मदतीस पात्र बाग यांचे क्षेत्र सारखे नसते. 'आकडा कमी दाखवतात' या तक्रारीची मुळे कधी कधी इथेच असतात, आणि ते बातमीदाराने विचारायला हवे होते.

केळीबाग
हे खरे आहे. आमच्याकडे शेजारच्या बांधापर्यंत पंचनामा होतो आणि पुढचा गट दुसऱ्या दिवशी. शेतकरी म्हणतो 'झाला नाही', तलाठी म्हणतो 'चालू आहे'. दोघेही खरेच बोलत असतात.

जुना डेस्क
अप्पा, तुम्ही डेस्कवर असायला हवे होते. उताऱ्यातला खरा दोष तोच आहे. 'झाले नाहीत' आणि 'सुरू आहेत' ही दोन वाक्ये एकमेकांना खोडतच नाहीत. 'दावा' या शब्दाने भांडण लावले. विद्यार्थ्याने तलाठ्यांना एवढेच विचारायचे होते : आजपर्यंत किती गट झाले, किती राहिले? मग इंट्रो आपोआप सुधारला असता. साधारण असा :

"रावेर : तालुक्यात मंगळवारी सायंकाळी आलेल्या वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या. गुरुवारपर्यंत आपल्या शेताचा पंचनामा झालेला नाही, असे (गाव) येथील तीन शेतकऱ्यांनी सांगितले. पंचनामे सुरू असून (इतक्या) गटांचे काम बाकी आहे, असे तलाठी (नाव) यांनी सांगितले."

जंक्शन भाऊ, सहाही ककार इंट्रोत कोंबले की हा परिच्छेद कोणी वाचणार नाही. 'का' आणि 'कसे' दुसऱ्या परिच्छेदात गेले तरी चालते.

भुसावळ जंक्शन
मान्य. पण दोन्हीकडे 'सांगितले, सांगितले' कंटाळवाणे नाही होत? आम्हाला शाळेत शिकवले होते की शब्दाची पुनरावृत्ती टाळा.

जुना डेस्क
निबंधात टाळा. बातमीत 'सांगितले' दहा वेळा आले तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते टोचत नाही. शब्द बदलायच्या हौसेपोटीच 'स्पष्ट केले', 'ठणकावले', 'कबुली दिली' आत शिरतात. बऱ्याचदा पोराच्या मनात पक्षपात नसतोच, त्याला फक्त तोच शब्द पुन्हा नको असतो.

अमळनेरकर
एक शंका. 'पंचनामा झाला नसल्याचे सांगितले' आणि 'पंचनामा झालेला नाही, असे सांगितले' यांतही फरक आहे का? मला दुसरे जास्त स्वच्छ वाटते. '-ल्याचे' लावले की विधान आधीच घडून गेलेल्या गोष्टीसारखे वाटू लागते.

जुना डेस्क
मलाही तसे वाटते, पण छातीठोकपणे सांगणार नाही. वर माझ्याच कसोटीत 'झाल्याचे सांगितले, पण ते खोटे निघाले' चालले ना. डेस्कवर '-ल्याचे' आम्ही जागा वाचवायला वापरायचो. एवढ्यासाठी गुण कापू नयेत असे माझे मत.

अमळनेरकर
मी कापेन. आरोपाच्या वाक्यात तरी.

तापीकाठ
पुन्हा तपासले. इंट्रोला २, कारण 'तोंडचा घास' गेला तरी दिवस आणि ठिकाण नेमके आहे. स्रोताला ३, दोन्ही बाजूंशी तो बोलला आहे, वहीत तलाठ्यांना केलेल्या फोनची वेळ सापडली. हवाल्याला १. तटस्थतेला २. एकूण ८, आधी ६ दिले होते. बागेत गेला होता का विचारले. नाही म्हणाला, फोटो मामाने पाठवले होते. म्हणजे 'जमीनदोस्त'लाही मामाचा बाण लागतो, आणि मामाची स्वतःची बाग त्यात आहे. हे बातमीत लिहायचे की नाही, यावर उद्या वर्गात बोलणार आहे.

रकान्यावर सध्या पेन्सिलने 'हवाला' लिहिले आहे. पहिल्याच बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, पैशांचा?"