मदत हवी आहे: लग्नाच्या अल्बममधून बहिणीला पुसणाऱ्या रिटचरची कथा

शाईचा_डाग

नमस्कार मंडळी. एका लघुकथेत अडकले आहे, जाणकारांनी हात द्यावा.

गोष्ट थोडक्यात अशी. काळ २००६. फोटो रिटच करणारा एक माणूस. लग्नाला दोनेक वर्षं झालेली एक बाई त्याच्याकडे डिस्क घेऊन येते आणि म्हणते, माझी थोरली बहीण यातल्या एकाही फोटोत दिसता कामा नये. अल्बम नव्याने छापायचा आहे. कारण ती सांगत नाही आणि तोही विचारत नाही. काम करता करता त्याला त्या दोघींमधलं काहीतरी उमगत जातं आणि एका फोटोपाशी तो अडतो.

पंचाईत अशी की हे 'उमगणं' मला फक्त चेहऱ्यांवरून दाखवता येतंय. बहीण हसतेय, बहीण रडवेली झालीय वगैरे. ते फार स्वस्त वाटतं. असं काम करणारा माणूस खरं काय बघत असेल? कोणता फोटो त्याला अडवेल? मसुद्यातला तुकडा देते, हसू नका:

> त्याने बहिणीभोवती रेघ ओढली आणि डिलीट दाबलं. ती नाहीशी झाली. तिच्या जागी मागची भिंत दिसू लागली.

---

घाईत_आहे

यात अडण्यासारखं काय आहे? फोटोशॉपमध्ये कन्टेन्ट-अवेअर फिल आहे ना. सिलेक्ट करा, फिल म्हणा, माणूस गायब. मी स्वतः समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोतून चार माणसं काढली आहेत. तुमच्या रिटचरचं काम एका दुपारीत संपेल, कथा कुठून येणार?

---

सरळमार्गी

ताई, रागाच्या भरात असं काही करू नका. फोटोतून काढली म्हणून बहीण परकी होत नाही. एकदा समोरासमोर बसून बोला. वाटल्यास घरातल्या मोठ्यांना मध्ये घ्या.

---

शाईचा_डाग

@सरळमार्गी, अहो काका, कथा आहे ही! माझी बहीण शेजारच्याच खोलीत आहे आणि हे वाचून खिदळतेय.

---

थर_आणि_मुखवटे

बरीच वर्षं हेच काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचं शेवटचं वाक्य. "मागची भिंत दिसू लागली" असं होत नाही. फोटोत माणसाच्या मागे काहीच नसतं. भिंतीचा तेवढा तुकडा कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही. डिलीट केलं की भोक उरतं आणि ते कशाने तरी भरावं लागतं. आमचं सगळं काम म्हणजे ते 'कशाने तरी' शोधणं.

@घाईत_आहे, वाळू, आकाश, गवत असेल तर तुमचं बरोबर. पण कथा २००६ची आहे आणि कन्टेन्ट-अवेअर फिल २०१० साली फोटोशॉपच्या सीएस५ आवृत्तीत आलं. तुमच्या नायकाकडे क्लोन स्टॅम्प आहे आणि २००२ पासूनचा हीलिंग ब्रश आहे, बस. शिवाय गर्दीच्या फोटोत ते फिल आजही दगा देतं. आजूबाजूला जे दिसेल तेच उचलतं, आणि आजूबाजूला माणसं असतील तर भिंतीवर कोणाचं तरी कोपर उगवतं.

आता तो बसेल कसा ते सांगतो. पहिल्यांदा तो काहीच पुसणार नाही. फोटोंचे ढीग पाडेल. बहीण कडेला आहे, ते फोटो कापून भागतील. काही प्रसंगांचा दुसरा शॉट मिळेल, ज्यात ती नाही, तिथे फोटोच बदलायचा. उरतील ते खरे पुसायचे, आणि ते बहुतेक वेळा वाटतात त्यापेक्षा खूप कमी निघतात.

या ढिगांसाठी त्याला अल्बममधले निवडक फोटो पुरणार नाहीत. तो बाईला सांगेल, फोटोग्राफरकडून सगळ्या फ्रेम आणा, नापसंत केलेल्यासुद्धा. हलून अस्पष्ट आलेल्या, मिटलेल्या डोळ्यांच्या, लोक जागेवर येत असतानाच्या. कारण भिंतीचा तो हरवलेला तुकडा तिथेच सापडतो, बहीण दोन पावलं बाजूला सरकली असेल त्या फ्रेममध्ये. म्हणजे तिला घालवण्यासाठी त्याला तीच शोधत बसावं लागतं. कुठे उभी आहे, कधी वळली, कुणाकडे जाऊन परत आली. दिवसभरातल्या तिच्या हालचाली त्याच्याइतक्या बारकाईने कोणीच पाहिलेल्या नसतील, फोटोग्राफरनेही नाही. तुम्हाला हवं ते 'उमगणं' इथून येईल असं मला वाटतं.

---

कडेचा_माणूस

प्रश्नाशी थोडं संबंधित आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे एका जुन्या लग्नाचा छापील अल्बम आहे, निगेटिव्ह हरवल्या. घटस्फोटानंतर एका नातेवाइकाला त्यातून काढायचं आहे. स्कॅन करून होईल का? फोटो खडबडीत कागदावर आहेत.

---

निगेटिव्हवाला

आमच्या काळात हे काम ब्रश आणि पात्याने चालायचं. निगेटिव्हवरचा थर पात्याने हलकेच खरवडायचा, नाहीतर मोठ्या प्रिंटवर रंग भरायचा आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढायचा. दुसऱ्यांदा फोटो काढला की ब्रशचे फटकारे मवाळ होत.

स्टालिनचा कालव्याकाठचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. १९३७चा, मॉस्को-व्होल्गा कालवा, शेजारी त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह. येझोव्हला १९४० मध्ये गोळी घातली आणि नंतरच्या प्रतींत त्याच्या जागी नुसतं पाणी. लोक त्या कारागिरीचं कौतुक करतात, पण नीट बघा, येझोव्ह कडेला आहे, त्याच्या पलीकडे कोणीच नाही. पाणी रंगवायला फार काही लागत नाही. कुणाच्या खांद्यावर हात टाकून उभा असता तर कळलं असतं.

---

शाईचा_डाग

@थर_आणि_मुखवटे, सोनं दिलंत! नापसंत फ्रेमचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि @निगेटिव्हवाला, खांद्यावरच्या हाताचा फोटो मी आता घेतेच. समूहफोटो, दोन रांगा. नवरी पुढे, बहीण तिच्यामागे, उजवा हात नवरीच्या खांद्यावर. बहिणीच्या आड त्यांचा मामा अर्धा झाकलेला. हा फोटो त्याच्या हाताखालून कसा जाईल?

---

थर_आणि_मुखवटे

छान अवघड फोटो निवडलात.

समजा, लोक गोळा होत असतानाची एक फ्रेम मिळाली, ज्यात बहीण अजून आलेली नाही. ती या फोटोच्या वर थर म्हणून ठेवायची. थर आपोआप जुळवणारी सोय २००७ च्या सीएस३ मध्ये आली, म्हणजे तुमचा नायक हातानेच जुळवणार. त्यासाठी वरच्या थराचा मोड 'डिफरन्स' करतात. दोन्ही फोटो जिथे सारखे तिथे काळं दिसतं आणि जिथे वेगळे तिथे उजळ. बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल सरकवत गेलं की भिंत, खांब, फरशी काळी पडत जातात, आणि त्या काळोखात फक्त हललेली माणसं चमकत राहतात. बहीण सगळ्यात जास्त, कारण ती एकाच फ्रेममध्ये आहे.

भिंत अशी मिळाली. मामाचा डावा दंड मात्र त्या फ्रेममधला चालेलच असं नाही, तोवर तो हलला असेल. दुसऱ्या कुठल्यातरी फ्रेममधून तसाच उभा असलेला दंड आणायचा. नवरीचा दुसरा खांदा उलटा करून बसवावा असा मोह होतो, पण प्रकाश एका बाजूने येतो. उलटवला की सावलीही उलटते आणि बघणाऱ्याला नेमकं काय ते सांगता आलं नाही तरी खटकतं.

मग अंगठा. खांद्यावर ठेवलेला हात काढता येतो, पण त्याखाली कापड दबलेलं असतं, अंगठ्यापासून चुण्या गळ्याकडे आणि दंडाकडे पसरलेल्या असतात. हात गेला आणि चुण्या राहिल्या तर कापड कशाने ओढलंय याला उत्तर नाही. मोकळ्या खांद्याचं कापड दुसऱ्या फ्रेममधून आणून वाकवून बसवायचं. तासभराचं काम आहे, पण होतं.

जे होत नाही ते याच्या पुढे आहे. मागून कोणी हात ठेवला की माणूस नकळत त्या बाजूला रेलतो. मान किंचित कलते, वजन एका पायावर जातं. ते खांद्यापुरतं नसतं, टाचेपर्यंत गेलेलं असतं. दुसऱ्या फ्रेममधलं डोकं आणून बसवता येतं, पण सगळं अंग कुठून आणणार? मग फोटोत एक बाई उरते, जी कुणाला तरी टेकली आहे आणि मागे भिंतच.

---

घाईत_आहे

मान्य, गर्दीत अवघड आहे. पण इतकं कोण बघतं? अल्बमच्या पानावर ती नवरी अंगठ्याच्या नखाएवढी असेल.

---

थर_आणि_मुखवटे

पाहुणे नाही बघणार. पण जिने पुसायला सांगितलं ती आधी तिथेच बघेल. अशा ग्राहकाला जागा पाठ असते.

आणि नायक स्वतः तपासेल. वर एक कर्व्हज थर टाकून रेघ नागमोडी करायची, फोटो भडक आणि विचित्र रंगांचा होतो, पण ब्रश फिरवलेली जागा डागासारखी उठून दिसते. बहुतेक वेळा तिथला कण हरवलेला असतो, आजूबाजूला रवाळ आणि तेवढीच जागा गुळगुळीत. मग तिथे नॉइज पेरायचा.

---

सरळमार्गी

कथा आहे हे आता कळलं. मग माझं मत असं की त्याने शेवटी काम परत करावं. एवढं पाहिल्यावर माणूस पुसणार कसा?

---

निगेटिव्हवाला

का परत करेल? ग्राहकाचं घर, ग्राहकाचे फोटो. मी सांगतील ती माणसं काढली आहेत आणि रात्री झोपलोही आहे. कथेत कारागीर आला की त्याला लगेच सद्गदित करायचं, हे मला पटत नाही. त्याला फोटो अडला तर तो जमत नाही म्हणून अडू दे.

---

शाईचा_डाग

@निगेटिव्हवाला, हे टोचलं, पण कामाचं आहे. मी त्याला सद्गदितच करणार होते.

नवा मसुदा, आत्ताच लिहिला:

> बाणाची कळ तो दाबत राहिला. खांब काळा झाला, फरशी काळी झाली. मामाच्या चष्म्याची एक काडी अजून उजळ होती, अजून एक पिक्सेल डावीकडे. आता पडद्यावर ती एकटीच होती. तिचा हात खाली उतरून जिथे संपत होता तिथून नवरीची एक बारीक उजळ कड सुरू होत होती, खांद्यापासून थेट पायापर्यंत. म्हणजे ही आल्यावर ती हलली होती. त्याने मोड बदलला आणि ग्राहकाला द्यायच्या कागदावर लिहिलं: क्र. ४१, गळा दुरुस्त होईल, उभं राहणं नाही. फोटो वगळावा का?

यात 'कड उजळ' तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे का? आणि ती बाई या प्रश्नाला काय उत्तर देईल हे मला अजून सुचत नाहीये.

---

थर_आणि_मुखवटे

कड बरोबर आहे. फक्त पहिल्या फ्रेममध्ये नवरी आधीपासून जागेवर उभी आहे हे वर कुठेतरी येऊ द्या, नाहीतर ती कडेपुरती नाही, अख्खीच उजळ दिसेल. बाकी लोकही थोडेफार हललेलेच असणार, म्हणून "एकटीच" ऐवजी "सगळ्यात ठळक ती" म्हणा.

बाईचं उत्तर तुमचं तुम्ही शोधा. माझ्या अनुभवात लोक बहुतेकदा "राहू द्या, वगळा" म्हणतात. एका ग्राहकाने मात्र तसाच छापायला सांगितला होता, दुरुस्तीशिवाय. कारण मी विचारलं नाही.

@कडेचा_माणूस, तुमचं राहूनच गेलं. खडबडीत कागदाचं स्कॅन करताना प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि फोटोवर जाळी आल्यासारखी दिसते. कागद नव्वद अंशांनी फिरवून दुसरं स्कॅन घ्या आणि दोन्ही जुळवून सरासरी काढा, जाळी बरीच मरते. पण दुसरी फ्रेम नसेल तर मागची भिंत अंदाजानेच रंगवावी लागेल. तो नातेवाईक कडेला उभा आहे की मधे?

---

कडेचा_माणूस

मधे. आणि कडेवर लहान मूल आहे, ते ठेवायचं आहे.