‘ओव्हरशूट’ला मराठीत काय म्हणता? (स्पीडोमीटरचा काटा)

रानपाखरू: डॅशबोर्डच्या डेमोची माहिती मराठीत लिहितेय. काटा नव्या आकड्याच्या थोडा पुढे जातो आणि मग मागे येऊन थांबतो, याला शब्द काय? ‘हेलकावा’ चालेल का? दुसरं म्हणजे ८८ वरून ९२ ला जाताना काटा उलटा फिरून सगळा वळसा घालतो, त्यालाही शब्द हवाय.

जुनाखांब: हेलकावा म्हणजे झोपाळ्यासारखं पुन्हापुन्हा पुढेमागे. तुमचा काटा एकदाच पुढे जातो ना, मग ‘उसळी’ म्हणा. अतिक्रमण लिहू नका, ते फूटपाथवर होतं.

तिरपागडा: माझ्या घड्याळात हेच व्हायचं, सेकंदकाटा ५९ वरून ० ला येताना उलटा पळायचा. फरक काढून जवळच्या बाजूने फिरवला की झालं:

```js
d = ((d % 360) + 540) % 360 - 180;
```

जावास्क्रिप्टमध्ये `%` ऋण उत्तर देतो म्हणून ते ५४०. स्पीडोमीटरलाही हेच लावा.

कळसूत्री: घड्याळाला बरोबर आहे, पण इथे अर्धंच. घड्याळ पूर्ण गोल फिरतं, स्पीडोमीटरला खाली मोकळी जागा असते. समजा ० ते १८० चा डायल २७० अंशांत बसवलाय आणि शून्य अंश वर मधोमध, म्हणजे एका किलोमीटरला दीड अंश. ८८ म्हणजे ३५७ अंश, ९२ म्हणजे ३, तिथे तुमची ओळ बरोबर चालेल. पण गाडी सुरू करताना काटा एकदम ० वरून १८० वर पाठवा, २२५ वरून १३५ ला जायला जवळची वाट खालून आहे, काटा आकडे नसलेल्या भागातून जाईल. १२० किलोमीटरपेक्षा मोठी उडी असली की हे होणारच. म्हणून कोन स्मूथ करूच नका, स्पीड स्मूथ करा आणि काढताना `-135 + 1.5 * x` करा, मग शून्य ओलांडायचा प्रश्नच उरत नाही.

```js
v += (100 * (target - x) - 14 * v) * dt;
x += v * dt;
```

सेकंदाला ६० फ्रेम असतील तर १४ ने साधारण तीन टक्के उसळी येते, म्हणजे ४० वरून ६० ला जाताना काटा जवळपास ६०.६ ला टेकून परततो. १४ चे २० केले की उसळी जाते, ६ केले तर मग खरंच हेलकावे. आणि गाडी थांबताना काटा शून्याखाली जातो, तिथे `x` आणि `v` दोन्ही शून्य करा, नुसता `x` केला तर काटा खुंटीला चिकटल्यासारखा वाटतो.

रानपाखरू: हे करून पाहिलं, ८८–९२ सरळ गेलं! पण दुसऱ्या टॅबवरून परत आलं की काटा भिरभिरतो.

कळसूत्री: `dt` मोठा होतो तेव्हा. १/३० सेकंदापेक्षा जास्त येऊ देऊ नका.

जुनाखांब: मग ‘उसळी’ नक्की. दुसऱ्याला ‘उलटा वळसा’ म्हणा.

तिरपागडा: वळसा ही चूक झाली हो, चूक नसताना शून्य ओलांडणं त्याला काय म्हणायचं?

रानपाखरू: तेच अडलंय. सध्या ‘रॅपअराउंड’च लिहिते.