एमिटर फॉलोअर: गेन एकच, मग ट्रान्झिस्टर वाया का घालवायचा?

परळ_डिप्लोमा
बीसी५४७ ची कॉमन एमिटर स्टेज केलीय. सप्लाय १२ व्होल्ट, कलेक्टरला ४.७ के, कलेक्टरवर डीसी ६ व्होल्ट. स्कोपवर २ व्होल्ट पीक-टू-पीक छान दिसतात. पण १ के इनपुटचा पुढचा बोर्ड जोडला की ०.३५ व्होल्टच उरतात. सर म्हणाले, मध्ये एमिटर फॉलोअर टाक. त्याचा गेन तर एक! माझं मत, त्यापेक्षा गेन देणारी आणखी एक स्टेज टाकावी. पटतंय का?

मुलुंडचे_काका
नाही पटत. दुसऱ्या स्टेजच्या कलेक्टरलाही ४.७ के असणारच, म्हणजे १ के जोडल्यावर तीही तशीच बसेल. तुझ्याकडे व्होल्टेज कमी नाही, करंट देण्याची ताकद कमी आहे.

आता असं कर. दुसऱ्या बीसी५४७ चा बेस थेट तुझ्या कलेक्टरला जोड, त्याचा कलेक्टर १२ व्होल्टला आणि एमिटरखाली १ के. एमिटरवर साधारण ५.४ व्होल्ट, म्हणजे ५.४ मिलिअँपिअर. पुढचा बोर्ड एमिटरवरून कपॅसिटरने घे. सिग्नलला एमिटरवर दोन १ के समांतर, म्हणजे ५०० ओहम दिसतात. बीटा २०० धर. लोडच्या करंटचा फक्त दोनशेवा भाग बेसमधून जातो, म्हणून तुझ्या कलेक्टरला ते ५०० ओहम १ लाख ओहमसारखे भासतात. ४.७ के पुढे १ लाख म्हणजे जेमतेम साडेचार टक्के घट.

उलट बाजूने बघितलं की तुझे ४.७ के दोनशेने भागले जातात. साडेतेवीस ओहम, वर ट्रान्झिस्टरचे स्वतःचे साडेचार-पाच. बोर्डला २८ ओहमचा सोर्स दिसतो. १.९ व्होल्ट मिळायला हवेत.

दादर_सोल्डर
गेन एक येतो कारण ऑन झालेला बेस-एमिटर जंक्शन तारेसारखा शॉर्ट असतो. आणि आउटपुट २८ ओहम असेल तर १०० ओहमचा लोडही आरामात चालेल.

मुलुंडचे_काका
दादरकर, तार नाही, तिथे ०.६५ व्होल्ट कायम पडलेले असतात. मुद्दा असा की ते फारसे हलत नाहीत. बेस १ व्होल्ट वर गेला आणि एमिटर मागे राहिला, तर बेस-एमिटर व्होल्टेज वाढतं. ते नुसतं १८ मिलिव्होल्टने वाढलं तरी करंट दुप्पट होतो, आणि तोच करंट खालच्या रेझिस्टरमधून जाऊन एमिटरला वर उचलतो. इथे १ व्होल्ट वर जायला करंट ५.४ वरून ७.४ मिलिअँपिअर झाला की पुरे, त्याला ८ मिलिव्होल्ट लागतात. बेसवर १ व्होल्ट, एमिटरवर ०.९९२. एकाच्या वर तो जाऊच शकत नाही, कारण एमिटर पुढे गेला तर ट्रान्झिस्टरच बंद पडायला लागतो.

१०० ओहमचं मात्र चुकतंय. ट्रान्झिस्टर करंट फक्त वर ढकलतो, खाली ओढायचं काम त्या १ के चं. १ के आणि १०० समांतर म्हणजे ९१ ओहम. ५.४ मिलिअँपिअर गुणिले ९१, अर्धा व्होल्टसुद्धा नाही. तेवढंच खाली जाता येतं. स्कोपवर वरची बाजू गोल आणि खालची सपाट कापलेली दिसली, की हेच झालंय समज. २८ ओहम हा आकडा लहान सिग्नलपुरता खरा.

हार्मोनियम_वसई
माझ्या पेटीला पायझो चकती लावून असाच फॉलोअर केला, बेसला १० के-१० के चा डिव्हायडर. आवाज अगदी पातळ, खर्ज गायब. मग हाय इनपुट रेझिस्टन्स गेला कुठे?

मुलुंडचे_काका
ताई, तो डिव्हायडरनेच खाल्ला. सिग्नलला दोन्ही १० के समांतर दिसतात, म्हणजे ५ के. मग बीटा ५०० असला तरी उपयोग नाही. चकती २० नॅनोफॅरडची धरली तर १६०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. पायझोला १ मेग लागतो. साधा फॉलोअर तिथे पुरणार नाही, जेफेट लावा. परळकराला हा त्रास नाही, कारण त्याचा बेस थेट कलेक्टरवर आहे.

गिरगाव_ॲनालॉग
काका, मला तरी वेगळा फॉलोअर नकोच वाटतो. कलेक्टर ४७० ओहमचा करा, करंट दहापट वाढवा. एक पार्ट वाचतो.

मुलुंडचे_काका
चालेल, पण जवळपास १३ मिलिअँपिअर कायम जाणार. आणि एमिटर बायपास केलेला असेल तर त्या स्टेजचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स ४०० ओहमवर येईल. मग आधीची स्टेज बसेल.

गिरगाव_ॲनालॉग
आधी ५० ओहमचा सोर्स असेल तर काय फरक पडतो? त्याने आधी काय जोडलंय ते सांगितलेलंच नाही.

परळ_डिप्लोमा
आधी कंडेन्सर माइक आहे, २.२ के वर. लॅमिंग्टन रोडवरून आणखी एक बीसी५४७ आणून लावला, १.८८ व्होल्ट आले. मग बोर्डच्या जागी १०० ओहम लावून बघितलं. खालची बाजू सपाट. एमिटरखालचा १ के काढून २२० ओहम लावला तर?

मुलुंडचे_काका
खाली जायची जागा वाढेल, पण २४-२५ मिलिअँपिअर वाहतील आणि तो रेझिस्टर १३० मिलिवॅट खाईल. पाव वॅटचा पुरेल. चालू करून बोट लावून बघ, किती तापतोय ते.