दोन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी हॉटेलला कन्फर्मेशन मेल पाठवायचा आहे, काय राहून जातंय?

मृणाल_अंबड
नमस्कार मंडळी. अंबडच्या कारखान्यात एचआरला आहे. आमच्या 42 सुपरवायझरांचं सोमवार-मंगळवार ट्रेनिंग आहे. त्र्यंबक रोडवर सातपूरच्या पुढचं एक हॉटेल तोंडी ठरलंय, माणशी पॅकेज आहे. आता मॅनेजरना लेखी मेल करायचा आहे. मी एवढंच लिहिलंय:

"सर, आपल्या बोलण्याप्रमाणे दोन दिवस हॉल बुक करावा. 42 जण असतील. क्लस्टर बैठक, दोन वेळा चहा, दुपारचं जेवण, प्रोजेक्टर व माइक हवा. कृपया कन्फर्म करा."

साहेब म्हणाले, "बघ कुणाला विचारून." म्हणून इथे. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी प्रोजेक्टर होता पण लॅपटॉपचा आवाज हॉलमध्ये येईना, ट्रेनरने माइक लॅपटॉपच्या स्पीकरसमोर धरून व्हिडिओ दाखवला. तसं पुन्हा नको.

गोदाकाठचा_बाळू
मेल छान आहे की. ॲडव्हान्स भरा, पावती घ्या, झालं बुकिंग. श्रावणात लग्नं नसतात, हॉटेलं रिकामीच असतात, तुम्हाला राजासारखं ठेवतील.

वहिनी_पाथर्डीफाटा
माझ्या भाचीच्या साखरपुड्याला आम्ही तिकडचंच एक लॉन घेतलं होतं. मांडववाल्याला खुर्च्यांच्या कव्हरचा रंग आधी सांगा, नाहीतर भलताच लावतात. आणि स्वीट एकच ठेवा.

मृणाल_अंबड
वहिनी, ट्रेनिंग आहे, साखरपुडा नाही 🙂 पण स्वीट एकच, हे घेतलं.

बँक्वेट_अकरा_वर्षं
मी अकरा वर्षं हॉटेलच्या बँक्वेटमध्ये काढली, आता वेगळा धंदा आहे. मृणालताई, तुमचा मेल पुढे कुठे जातो ते सांगतो, म्हणजे काय लिहायचं ते आपोआप कळेल.

तुम्ही ज्यांच्याशी बोललात ते सेल्सवाले. तुमच्या मेलवरून ते एक कागद काढतात, त्याला आम्ही एफपी म्हणतो, फंक्शन प्रॉस्पेक्टस. त्याच्या प्रती किचन, बँक्वेट, इंजिनिअरिंग, हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीला जातात. सोमवारी सकाळी सात वाजता टेबलं लावणारा पोऱ्या तुमच्याशी कधीच बोललेला नसतो. त्याच्या हातात फक्त तो कागद. फोनवर ठरलेलं पण कागदावर न आलेलं त्याच्या लेखी ठरलेलंच नाही. सेल्सवाले साहेब तेव्हा घरी चहा पीत असतात.

म्हणून मेल मॅनेजरला उद्देशून असला तरी लिहायचा त्या पाच खात्यांसाठी. "प्रोजेक्टर व माइक हवा" याचा इंजिनिअरिंगवाला अर्थ काढतो: एक प्रोजेक्टर, एक हँडमाइक. तुमच्या व्हिडिओचा आवाज त्यात कुठेच नाही. "लॅपटॉपचा ऑडिओ हॉलच्या मिक्सरला जोडून हवा" असं लिहिलं की तो वायर शोधायला लागतो.

बाळूभाऊ, श्रावणात लग्नं नसतात हे खरं, पण बारसं, डोहाळजेवण, किटी पार्टी असतातच. आमच्याकडे रविवारी रात्री अकराला पार्टी उठायची आणि सोमवारी नऊला ट्रेनिंग. हॉल ताब्यात किती वाजता मिळणार, हे विचाराच. आणि मध्ये सरकती पार्टिशन असेल तर पलीकडच्या भागात त्या दिवशी काय आहे तेही.

मृणाल_अंबड
हे कुणी सांगितलंच नव्हतं. हॉल मात्र मोठा आहे, त्यांच्या पत्रकात 100 जणांची क्षमता लिहिलीय. आम्ही तर 42 च.

बँक्वेट_अकरा_वर्षं
ते 100 थिएटरचे, म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा. हॉलचं माप किती?

मृणाल_अंबड
आत्ताच फोन करून विचारलं. 40 बाय 25 फूट.

बँक्वेट_अकरा_वर्षं
मग कागदावर काढून बघा. क्लस्टरला बहुतेक सहा फुटी गोल टेबल लावतात. ट्रेनिंगमध्ये स्क्रीनकडे कुणाची पाठ नको, म्हणून टेबलाच्या अर्ध्याच बाजूला खुर्च्या, एका टेबलाला सहा जण. 42 जणांना सात टेबलं. खुर्ची मागे सरकवायला आणि वेटरला फिरायला जागा सोडली तर एका टेबलाला दहा-अकरा फुटांचा चौकोन लागतो. 40 फुटांतले पुढचे दहा स्क्रीन आणि ट्रेनरला गेले. उरलेल्या 30 फुटांत दाटीवाटीने तीन रांगा. रुंदी 25, म्हणजे एका रांगेत दोन टेबलं. झाली सहा. सातवं टेबल बसत नाही, आणि साहित्याचं टेबल, फ्लिपचार्ट, मागे बसणारे तुम्ही, हे अजून धरलेलंच नाही.

शॉपफ्लोर_सिन्नर
एका टेबलाला सात बसवा, सहा टेबलांत 42 होतात. एवढा काय बाऊ.

बँक्वेट_अकरा_वर्षं
आकडा जुळतो, दादा. पण सहा फुटी टेबलाच्या अर्ध्या बाजूला सात खुर्च्या लावल्या की कडेचे दोघे स्क्रीनला काटकोनात बसतात. तासभर चालेल. दोन दिवस मान वळवून बसले की जेवणानंतर तेच दोघे मोबाइल काढतात. आयताकृती टेबलं दोन-दोन जोडून लावली तर जागा वाचते, पण त्यांच्याकडे तेवढी आहेत का ते विचारावं लागेल. नाहीतर मोठा हॉल. मी असतो तर मोठा हॉल मागितला असता, सोमवारी तो रिकामा असण्याची शक्यता जास्त.

शॉपफ्लोर_सिन्नर
मोठा हॉल म्हणजे पॅकेज वाढणार. मी अजूनही सातच म्हणेन.

तिखटमिसळ
ताई, सोमवार कुठला? श्रावणातला तिसरा सोमवार तर नाही ना? त्या दिवशी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटच्या लोट जातात. रविवार संध्याकाळपासून त्र्यंबक रोडवर एसटीच्या जादा गाड्या आणि पायी जाणारे. त्यात कुंभाच्या कामांनी रस्ते आधीच उकरलेले. तुमचे सिन्नरकडून येणारे सुपरवायझर नऊला पोचायचे नाहीत.

मृणाल_अंबड
अरे देवा. कॅलेंडर काढलं. तिसराच आहे.

तिखटमिसळ
आणि निम्म्या लोकांचा उपवास!

बँक्वेट_अकरा_वर्षं
तारीख बदलता आली तर बदला. तिथे माझं डोकं चालणार नाही, तो तुमच्या ट्रेनरचा आणि शिफ्टचा प्रश्न. नाही बदलली तर उपवासाचा आकडा आदल्या दिवशी दुपारपर्यंत किचनला गेलाच पाहिजे. साबुदाणा रात्री भिजवावा लागतो. सकाळी नऊला "पंधरा जणांचं फराळी करा" म्हटलं तर शेफ बटाट्याच्या चकत्या तळून देतो आणि दुपारी तीनला तुमचे लोक भुकेने पेंगतात. जैन जेवण त्याहून वेगळं, कांदा-लसूण आणि बटाटाही नाही. म्हणजे फराळी आणि जैन एकाच ओळीत लिहू नका. आमच्याकडे एकदा जैन पाहुण्यांपुढे साबुदाण्याची खिचडी बटाट्यासकट गेली होती.

गॅरंटीचंही बघा. जी संख्या गॅरंटी म्हणून द्याल, तेवढ्या ताटांचे पैसे लागतातच, माणसं कमी आली तरी. जास्त आली तर जेवढी ताटं उठली तेवढे. किचन थोडं जास्तीचं धरून चालतं. तुमचे 42, दोन ट्रेनर, तुम्ही दोघं, म्हणजे 46. पण कारखान्याचे लोक, एखादा ब्रेकडाउनला अडकणारच. 42 ची गॅरंटी द्या, तयारी 46 ची सांगा. बसने येणार असाल तर ड्रायव्हरचं जेवण वेगळं लिहा, नाहीतर तो बुफेत येतो आणि शेवटी बिलावरून वाद होतो.

खातेवही
अकाउंट्सवाला बोलतो. बिलावर कंपनीचा जीएसटी नंबर आणि पत्ता बरोबर हवा, हे मेलमध्येच टाका, नंतर बदलून देताना नाकी नऊ येतात. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही, हॉलभाड्याचं मिळतं. म्हणून हॉल आणि जेवण वेगळं दाखवा म्हणावं.

बँक्वेट_अकरा_वर्षं
माणशी पॅकेजमध्ये हॉटेलवाले सहसा फोडून देत नाहीत. विचारून बघायला हरकत नाही, पण त्यावर अडून बसू नका.

खातेवही
अडायलाच पाहिजे. दोन दिवसांची रक्कम काही कमी नाही.

मृणाल_अंबड
साहेबांशी बोलले. तारीख एक आठवडा पुढे ढकलली, ट्रेनर तयार झाले. चौथा सोमवार, उपवास आहेच पण रस्ता तरी मोकळा. हॉटेलने मोठा हॉल त्याच पॅकेजमध्ये दिला, म्हणजे शॉपफ्लोर दादांचा प्रश्न मिटला. नवा मेल बघा:

"सर, नमस्कार. काल फोनवर ठरल्याप्रमाणे सोमवार व मंगळवार, सकाळी 9 ते संध्याकाळी 5.30, मोठा हॉल माणशी पॅकेजवर नक्की करत आहोत. हॉल सोमवारी सकाळी 7.30 ला लावून तयार मिळावा. शक्य असल्यास रविवारी संध्याकाळी आमचे ट्रेनर अर्धा तास येऊन लॅपटॉप जोडून बघतील. दोन्ही दिवशी शेजारच्या हॉलमध्ये कार्यक्रम असल्यास आधी कळवावे.

बैठक: सात गोल टेबलं, प्रत्येकी सहा खुर्च्या, स्क्रीनकडे पाठ होणार नाही अशा. मागे साहित्यासाठी एक लांब टेबल आणि दोन खुर्च्या. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडला आहे.

साहित्य: प्रोजेक्टर व स्क्रीन, ट्रेनरच्या टेबलापर्यंत पोचेल एवढी लांब एचडीएमआय वायर, लॅपटॉपचा ऑडिओ हॉलच्या स्पीकरवर. एक कॉलर माइक, एक हँडमाइक, जादा सेल. दोन फ्लिपचार्ट व चालणारे मार्कर.

जेवण: गॅरंटी 42, तयारी 46. बसचालक एक, वेगळा. सोमवारच्या फराळाची आणि जैन ताटांची संख्या रविवारी दुपारी 12 पर्यंत स्वतंत्रपणे कळवू. चहा 11 आणि 3.30 ला हॉलच्या बाहेर, जेवण 1 ला. स्वीट एकच.

बिल कंपनीच्या नावे, जीएसटी तपशील खाली. ॲडव्हान्स आज पाठवत आहोत. याप्रमाणे एफपी बनवून त्याची प्रत पाठवावी, ही विनंती."

वहिनी_पाथर्डीफाटा
स्वीट एकच! 😄

बँक्वेट_अकरा_वर्षं
हे झालं कामाचं. एक ओळ घाला: प्रोजेक्टर आणि लॅपटॉपचा प्लग यूपीएसवर आहे का. लाइट गेली तर जनरेटर काही सेकंदांत येतो, पण बंद पडलेला दिव्याचा प्रोजेक्टर थंड होऊन पुन्हा लागेपर्यंत पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्यात वर्ग उठून बाहेर जातो. चहाचे कप हॉलबाहेर ठेवायला सांगितलेत ते बरं केलंत, कपबशांचा खणखणाट माइकवर घुमतो.

मृणाल_अंबड
घातली. पाठवलासुद्धा. उत्तर आलं: "ओके मॅडम, नोटेड."

बँक्वेट_अकरा_वर्षं
नोटेडवर थांबू नका. एफपीची प्रत मागवा, आणि ती आली की आधी ऑडिओची ओळ आहे का ते शोधा.

खातेवही
आणि बिल फोडून द्या हे शेवटी टाकलंच नाहीत.

मृणाल_अंबड
दादा, ते तुम्हीच फोन करून सांगता का?