मदत हवी आहे: ऑस्मोटिक प्रेशरवरून बीएसएचं मोलर मास ६६,५०० ऐवजी ३० ते ४६ हजार येतंय

गारवेल

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ऑस्मोटिक प्रेशर मोजून बोव्हाइन सिरम अल्ब्युमिनचं मोलर मास काढायचं आहे. विकतचा ऑस्मोमीटर नाही. काचेच्या छोट्या नरसाळ्याच्या तोंडावर डायलिसिस मेम्ब्रेन ताणून बांधलंय, त्याचा कट-ऑफ १२ ते १४ हजार. वर १ मिमी आतल्या व्यासाची काचेची कॅपिलरी जोडली आहे. आत प्रोटीन, बाहेर तोच बफर: ०.१५ मोलर NaCl, थोडा फॉस्फेट, पीएच ७.४. सगळं २५ अंशाच्या वॉटरबाथमध्ये. प्रोटीन आधी त्याच बफरविरुद्ध रात्रभर डायलाइज करून घेतलं आणि त्यानंतरच २८० नॅनोमीटरला कॉन्सन्ट्रेशन मोजलं. बाहेरच्या पातळीपासून कॅपिलरीतली उंची, पातळी हलायची थांबल्यावर घेतलेली:

५ ग्रॅम/लिटर: ४२ मिमी
१० ग्रॅम/लिटर: ६३ मिमी
१५ ग्रॅम/लिटर: ८६ मिमी
२० ग्रॅम/लिटर: ११० मिमी

Π = cRT/M वापरलं तर पहिल्यावरून साधारण ३०,००० येतं, शेवटच्यावरून ४६,०००. माहीत असलेलं उत्तर ६६,५००. सर म्हणतात मेम्ब्रेन बदल. बदललं, तरी तेच.

पाचवा मजला

डोनन इफेक्ट, दुसरं काही नाही. पीएच ७.४ ला बीएसएवर बराच ऋण भार असतो. तो तोलायला आतल्या बाजूला जास्तीचे आयन थांबतात, दाब फुगतो आणि M कमी दिसतं. म्हणूनच एका कॉन्सन्ट्रेशनवर विसंबायचं नसतं. Π/c विरुद्ध c आलेख काढा, रेघ शून्यापर्यंत न्या, तिथे मिळेल ते खरं M.

रात्रपाळी

मी आयसीयूत काम करते. रक्तातल्या प्रथिनांचा दाब साधारण २५ मिमी पारा असतो असं आम्हाला शिकवलंय. तुमचे ११० मिमी पाण्याचे म्हणजे जेमतेम ८ मिमी पारा. मला तर हा दाब कमी वाटतोय. मेम्ब्रेनमधून अल्ब्युमिन गळतंय का? आमच्याकडे पेशंटच्या लघवीतून अल्ब्युमिन जायला लागलं की पायावर सूज दिसते, ते याच कारणाने.

जुनी प्रयोगशाळा

रात्रपाळीताई, रक्तात प्रथिनं लिटरला ७० ग्रॅमच्या आसपास असतात, इथे फार तर २०. त्यामुळे ८ मिमी पारा कमी नाही, उलट जास्तच आहे. शिवाय प्रोटीन गळलं तर दाब उतरतो आणि M मोठं येतं. इथे ते लहान येतंय, म्हणजे मेम्ब्रेनचा संशय सोडा.

पाचवा मजला, डोननबद्दल तुमचं तत्त्व बरोबर आहे, पण हे आकडे त्याच्या उलट दिशेने जाताहेत. डोननमुळे वाढणारा भाग c च्या वर्गाबरोबर वाढतो. म्हणजे Π/c घट्ट द्रावणाकडे वर चढायला हवं आणि विरळ होताना खाली यायला हवं. गारवेल यांचं h/c बघा: ८.४, ६.३, ५.७, ५.५. विरळ द्रावणाकडे ते उसळी मारतंय! यावरून रेघ शून्याकडे नेली तर M तीस हजारांच्याही खाली जाईल. आणि ०.१५ मोलर मीठ असताना बीएसएवर १७ च्या आसपास भार धरला, तरी १० ग्रॅम/लिटरला डोननचा वाटा सातेक टक्के निघतो. मीठ १० मिलिमोलर असतं तर दाब दुप्पट झाला असता, तेव्हा तुमचं निदान पटलं असतं.

h/c विरळ बाजूला उसळतं तेव्हा बहुधा प्रत्येक वाचनात एक ठरावीक रक्कम मिसळलेली असते. नुसता h विरुद्ध c आलेख काढा. रेघ शून्यातून जात नाही, उंचीच्या अक्षाला १८-१९ मिमीवर कापते. प्रोटीन नसतानाही १८ मिमी दाब? तो ऑस्मोसिसचा नाही, कॅपिलरीचा आहे. १ मिमी व्यासाच्या स्वच्छ काचेत साधं पाणीच जवळजवळ ३० मिमी चढतं.

गारवेल

हे डोक्यातच आलं नव्हतं. तीच कॅपिलरी नुसत्या बफरमध्ये उभी धरली, २९ मिमी चढलं. ते वजा करून १३, ३४, ५७, ८१ उरले. आता h/c शून्याकडे नेलं तर M एक लाखाच्या वर जातंय!

जुनी प्रयोगशाळा

कारण कॅपिलरीत वर आहे ते बफर नाही, प्रोटीनचं द्रावण आहे. अल्ब्युमिन पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि पृष्ठताण बराच उतरवतं, म्हणून द्रावण बफरइतकं चढत नाही. तुम्ही गरजेपेक्षा जास्त वजा केलंत. तीच कॅपिलरी बीएसएच्याच द्रावणात धरा, थोडा वेळ थांबा, मग वाचा. आणि एकदा पातळी वरून खाली येऊ द्या, एकदा खालून वर. दोन्हीकडून एकाच जागी थांबली नाही तर काच मळलेली आहे.

गारवेल

१० ग्रॅमच्या द्रावणात २२ मिमी. दोन्हीकडून एका मिमीच्या आत. वजा केल्यावर:

५ → २० मिमी, h/c ४.०
१० → ४१ मिमी, h/c ४.१
१५ → ६४ मिमी, h/c ४.२७
२० → ८८ मिमी, h/c ४.४

आता घट्ट बाजूला हळूहळू चढतंय, तुम्ही म्हणालात तसं. शून्याला ३.८५ मिमी. एक मिमी पाणी म्हणजे ९.७८ पास्कल, त्यामुळे Π/c ३७.७, आणि RT = २४७९ ला त्याने भागलं की ६५.८ किलो प्रति मोल. म्हणजे ६५,८००!

पाचवा मजला

चला, रेघ शून्याकडे नेण्याचा सल्ला शेवटी कामी आला म्हणायचा. पण रिपोर्टमध्ये ६५,८०० असं लिहू नका. पहिल्या वाचनात एक मिमी इकडचा तिकडे झाला की पाच टक्के गेले. ६६ हजार, अधिक-उणे तीन हजार, एवढंच प्रामाणिक आहे.

मला एक सांगा, एवढ्या उठाठेवीपेक्षा गोठणबिंदूतली घट मोजली तर?

जुनी प्रयोगशाळा

१० ग्रॅम/लिटरला ती घट ०.०००३ अंशही भरत नाही. कशाने मोजणार? आणि चिमूटभर मीठ राहिलं तरी ती त्याचीच घट असेल. इथे मीठ मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंना जातं, म्हणून ते आपल्या वाटेत येत नाही. गिल्बर्ट अडेअर यांनी १९२५ मध्ये हिमोग्लोबिनवर हेच केलं. लोहाच्या प्रमाणावरून एका लोहाच्या अणूमागे १६,७०० निघत होतं, दाबावरून साधारण ६७,००० आलं. म्हणजे एका रेणूत चार लोह.

गारवेल

दोन शंका अजून आहेत. २२ मिमी मी १० ग्रॅमलाच मोजले आणि चारही वाचनांतून तेच वजा केले. ५ ग्रॅमच्या द्रावणाचा पृष्ठताण जास्त असेल तर? दुसरं, विकतच्या बीएसएमध्ये थोडे जोडरेणू असतात म्हणे. त्यांनी M वाढायला हवं ना?

जुनी प्रयोगशाळा

जोडरेणूंनी वाढेल. या पद्धतीत रेणू मोजले जातात, दोन चिकटले की एकच मोजला जातो. वजनाने दहा टक्के जोडरेणू असले तर सरासरी पाच टक्क्यांनी वर जाते, म्हणजे तुमच्या चुकीच्या मर्यादेतच लपेल. वेगळं ओळखायचं तर जेल कॉलम चालवावा लागेल.

पहिल्या शंकेचं उत्तर अंदाजाने देत नाही. चारही द्रावणांत कॅपिलरी बुडवून बघा.

तळटीप

किंवा कॅपिलरीच ५ मिमीची घ्या, चढण चार-पाच मिमीवर येईल.

जुनी प्रयोगशाळा

येईल, पण तेवढीच उंची गाठायला २५ पट पाणी मेम्ब्रेनमधून यावं लागेल. ४० मिमीला आता ०.०३ मिली लागतं, मग पाऊण मिलीच्या वर. गारवेल, नरसाळ्यात द्रावण किती मावतं? ५ मिली असेल तर तुमचं १० ग्रॅमचं ८.६ वर येईल, आणि थांबावंही लागेल कितीतरी जास्त.

गारवेल

३ मिली.