उत्तर: टबाच्या आलेखातला सपाट भाग आणि मडगावचा पंप

> फोटोतल्या आलेखात घटता, स्थिर, चढता धोकादर कुठे? सोसायटीचा पंप चार वर्षं नीट चाललाय, आताच बदलावा का?

आलेख आंघोळीच्या टबासारखा आहे: आडवं पंपाचं वय, उभा धोकादर, म्हणजे अजून चालू असलेले पंप त्या वयात बिघडण्याचा दर. त्यातला डावा उतार घटता. तिथे पंप सुधारत नसतो. कच्च्या वाइंडिंगचे लवकर जळतात आणि धडधाकट तेवढे उरतात.

मधला सपाट भाग स्थिर. वीज कोसळताना पंपाचं वय बघत नाही. समजा धोकादर वर्षाला ०.०५ आहे: मग पंप एक वर्षाचा असो वा चार, येत्या वर्षात बिघडण्याची शक्यता सुमारे ५ टक्केच. इथे बदलून काही मिळत नाही, उलट नवा पंप पुन्हा डाव्या उतारावर बसतो!

उजवी चढण झिजेची, म्हणजे बेअरिंग आणि सीलची. आपल्या खाऱ्या हवेत ती लवकरही येईल. बेअरिंगची घरघर किंवा शाफ्टपाशी गळती दिसली, तरच खर्चाचा विचार करा.